कॅश मॅपिंगची गणितं: जुन्या प्रश्नसंचातून सराव आणि ताळा

प्रश्न: सर, मी शिरपूरहून धुळ्याला अप-डाऊन करते, कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या जुन्या पेपरांचा संच झेरॉक्स करून आणलाय. बायनरी बेरीज-वजाबाकी, नंबर सिस्टिमचं रूपांतर बऱ्यापैकी जमतं. पण कॅश मॅपिंगमध्ये कधी टॅग चुकतो, कधी लाईन. संचामागच्या उत्तरांशी जुळलं नाही की चूक माझी की त्यांची, तेच कळत नाही. सराव कसा करू?

उत्तर:

आधी कॅशच घे. रूपांतराचा आणि बायनरीचा निम्मा सराव त्यातच होतो, कारण पत्ता हेक्समध्ये दिला की तो बायनरीत उघडणं, तोडणं आणि तुकड्यांची दशमान किंमत काढणं आलंच. आणि संचातली पन्नास गणितं एकेकदा सोडवू नकोस. थोडीच निवड, प्रत्येक दोन वाटांनी सोडव, मग त्यातला एकच आकडा बदलून पुन्हा सोडव. दोन वाटांचं उत्तर एक आलं की संचामागे काय छापलंय याची फारशी फिकीर उरत नाही.

एक गणित पूर्ण करून दाखवतो. मुख्य मेमरी ६४ केबी, कॅश १ केबी, ब्लॉक ३२ बाइटचा, मेमरीतल्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता. डायरेक्ट मॅपिंग आहे. पत्ता `5B2E` कॅशच्या कोणत्या लाईनमध्ये जाईल?

पहिली वाट बिट तोडण्याची. ६४ केबी म्हणजे २ चा १६ वा घात, म्हणून पत्ता १६ बिटचा. ब्लॉक ३२ बाइटचा, म्हणून ऑफसेटला ५ बिट. कॅशमध्ये १०२४ भागिले ३२, म्हणजे ३२ लाईन, म्हणून लाईनलाही ५ बिट. उरलेले ६ बिट टॅगचे. आता पत्ता उघड आणि उजवीकडून तोड:

```
5B2E = 0101 1011 0010 1110

टॅग      लाईन     ऑफसेट
010110   11001    01110
22       25       14
```

इथे बहुतेकांचा हात घसरतो तो चार-चारच्या गटांमुळे. हेक्समधून उघडताना चारचे गट पडतात आणि डोळ्याला तीच सवय लागते. मग शेवटचा `E` म्हणजे ऑफसेट, त्याआधीचा `2` म्हणजे लाईन, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. कॅशला हेक्सच्या अंकांशी काही देणंघेणं नाही. ५-५-६ चे तुकडे अंकाच्या मधूनच जाणार. म्हणून उघडून झालं की १६ बिट मधली जागा न सोडता पुन्हा एका ओळीत लिहायचे आणि मग पेन्सिलीने दोन रेघा मारायच्या. एक ओळ जास्त जाते, पण चूक तिथेच थांबते.

दुसरी वाट भागाकाराची. `5B2E` दशमानात काढ: ५ गुणिले ४०९६ म्हणजे २०४८०, ११ गुणिले २५६ म्हणजे २८१६, २ गुणिले १६ म्हणजे ३२, आणि १४. बेरीज २३३४२. याला ब्लॉकच्या आकाराने, ३२ ने भाग. भागाकार ७२९, बाकी १४. बाकी म्हणजे ऑफसेट आणि ७२९ हा मुख्य मेमरीतला ब्लॉक नंबर. आता ७२९ ला लाईनच्या संख्येने भाग. भागाकार २२, बाकी २५. बाकी म्हणजे लाईन, भागाकार म्हणजे टॅग. तिन्ही आकडे पहिल्या वाटेशी जुळले. हाच ताळा.

दोन वेळा भागायचं, ही गोष्ट नीट धरून ठेव. पहिला भागाकार ब्लॉकच्या आकाराने, दुसरा लाईनच्या संख्येने. घाईत पोरं पत्त्यालाच थेट लाईनच्या संख्येने भागतात आणि बाकी लाईन म्हणून लिहून मोकळी होतात. वरच्या गणितात तसं केलं तर २३३४२ ला ३२ ने भागून बाकी १४ येते, म्हणजे लाईन १४. उत्तर दिसायला अगदी सरळ, ० ते ३१ च्या आतलं, पण चूक. तो ऑफसेट आहे. ब्लॉकचा आकार आणि लाईनची संख्या मुद्दाम सारखी घेतली आहे, कारण अशा गणितात ही चूक सगळ्यात बेमालूम लपते. लाईन आणि ऑफसेट एकच आकडा आले तर ते योगायोगानेही येऊ शकतात, पण लगेच पुढे जाऊ नकोस. आपण एकदाच भागलं की दोनदा, ते बघ.

आणखी एक बारीक जागा. `11001` हेक्समध्ये लिहिलं तर `19` होतं. संचामागे उत्तर '१९' आणि तुझं २५, म्हणून तू आपलं बरोबर गणित खोडशील. दोन्ही एकच आहेत. पाया न लिहिता आकडा टाकायची खोड संच तयार करणाऱ्यांनाही असते, म्हणून जुळलं नाही की आधी दोन्ही उत्तरं बायनरीत लिहून बघ. तुझ्या पेपरात मात्र लाईन दशमानात लिहिलीस की बायनरीत, ते दिसू दे.

आता याच गणिताचे आकडे तेच ठेवून मॅपिंग बदल. टू-वे सेट असोसिएटिव्ह केलं तर दोन-दोन लाईनचा एक सेट, म्हणजे १६ सेट. सेटला ४ बिट, टॅगला ७. ब्लॉक ७२९ ला १६ ने भागलं की भागाकार ४५, बाकी ९. म्हणजे टॅग ४५, सेट ९. फोर-वे केलं तर ८ सेट, सेटला ३ बिट, टॅगला ८. टॅग ९१, सेट १. फुली असोसिएटिव्हमध्ये सेट हा भागच राहत नाही, टॅग ११ बिटचा आणि तो म्हणजे ब्लॉक नंबरच, ७२९. चारही वेळा ऑफसेट १४ च. तो कशानेही हलत नाही, कारण ब्लॉकचा आकार हललेला नाही.

टॅगचे बिट कसे वाढत गेले ते बघितलंस? ६, ७, ८ आणि शेवटी ११. डायरेक्ट मॅपिंगमध्ये टॅग किती बिटचा, हे फक्त एकाच गोष्टीवर ठरतं: मुख्य मेमरी कॅशच्या किती पट आहे. इथे ६४ पट, म्हणून ६ बिट. ब्लॉक ३२ चा घे की ६४ चा, टॅग ६ च. ब्लॉक दुप्पट केला की ऑफसेटचा एक बिट वाढतो, लाईन निम्म्या होऊन तिथला एक बिट कमी होतो. टॅगला धक्का लागत नाही. आणि एका सेटमधल्या लाईन दुप्पट झाल्या की टॅगमध्ये एक बिट वाढतो. फुली असोसिएटिव्ह म्हणजे बत्तीसच्या बत्तीस लाईन एका सेटमध्ये, म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणून ६ अधिक ५, बरोबर ११.

सूत्र म्हणून हवं असेल तर एवढंच, `k` म्हणजे सेटमधल्या लाईन:

```
tag bits = log2(main memory / cache) + log2(k)
```

पेपरात हे सूत्र लिहू नकोस, तिथे तोडणी पायरीने दाखव; मार्क त्याचेच असतात. हे तुझ्या कच्च्या कामासाठी. टॅग काढला की दोन सेकंदांत तपासता येतो. आणि 'एक आकडा बदलून पुन्हा' जे म्हणालो ते यासाठीच. बदल करायच्या आधी टॅग हलेल की नाही, हललाच तर वर की खाली, ते समासात लिही आणि मग सोडव. अंदाज चुकला तर ते गणित तुला अजून समजलेलं नाही, उत्तर बरोबर आलेलं असलं तरी.

टॅगसाठी कॅशमध्ये एकूण किती बिट लागतील, हा प्रश्न जोडीला येतो. डायरेक्ट मॅपिंगमध्ये ३२ लाईन, प्रत्येकी ६ बिट टॅग आणि १ व्हॅलिड बिट, म्हणजे २२४ बिट. टू-वेमध्ये ३२ गुणिले ८, म्हणजे २५६. इथे १६ ने गुणायचा मोह होतो, कारण नुकतेच १६ सेट काढलेले असतात. पण टॅग सेटला नसतो, सेटमधल्या प्रत्येक लाईनला वेगळा असतो. त्यावरूनच तर सेटमधली कोणती लाईन आपली ते कळतं. व्हॅलिड बिट मोजायचा की नाही हे प्रश्नात नसेल तर 'एक व्हॅलिड बिट धरला आहे' असं एक वाक्य लिही. डेटासकट पूर्ण कॅशचे बिट विचारले तर प्रत्येक लाईनमध्ये २५६ बिट डेटाचे मिळव.

आता प्रश्नांच्या भाषेबद्दल, कारण अर्धे घोळ तिथे होतात. जुन्या पेपरांत '६४ के वर्ड्स' असतं, नव्यांत '६४ केबी', आणि काहींत नुसतं '६४ के'. वर्डला पत्ता असेल तर पत्त्याचा प्रत्येक आकडा वर्ड मोजतो. बाइटला असेल तर बाइट. समज मेमरी ६४ के वर्ड्सची, वर्ड ४ बाइटचा, ब्लॉक ८ वर्डचा आणि कॅश १ केबीची. ब्लॉक ३२ बाइटचा, लाईन पुन्हा ३२. पत्ता वर्डला असेल तर एकूण १६ बिट: ऑफसेट ३, लाईन ५, टॅग ८. बाइटला असेल तर तीच मेमरी २५६ केबी, पत्ता १८ बिट: ऑफसेट ५, लाईन ५, टॅग ८. टॅग आणि लाईन दोन्हीकडे तेच, फरक फक्त ऑफसेटचा. म्हणजे तुझं आणि संचाचं उत्तर फक्त ऑफसेटमध्ये (आणि पत्त्याच्या एकूण लांबीत) वेगळं आलं, तर भांडण वर्ड-बाइटचं आहे, मॅपिंगचं नाही. प्रश्नात एक मोजमाप वर्डमध्ये आणि दुसरं बाइटमध्ये असेल तर पहिल्याच ओळीत सगळं एका मापात आणायचं. आणि काही पेपरांत ज्याला 'ब्लॉक' म्हणतात ती कॅशमधली लाईनच असते, 'कॅश ब्लॉक नंबर' म्हणजे लाईन नंबर. त्याने गोंधळू नकोस.

हिट-मिसची गणितं बिट तोडण्यापेक्षा वेगळ्या जातीची आहेत. तिथे चूक विचारात कमी आणि नोंद ठेवण्यात जास्त होते. चार लाईनची छोटी कॅश घे, सुरुवातीला रिकामी. ब्लॉक या क्रमाने मागितले जातात: ५, ९, ५, १३, ९, ६, ५.

डायरेक्ट मॅपिंगमध्ये ५, ९ आणि १३ तिन्हींना ४ ने भागून बाकी १. तिघांनाही लाईन १ च हवी, ६ लाईन २ मध्ये, आणि उरलेल्या दोन लाईन रिकाम्या पडून. सातही मिस. फुली असोसिएटिव्हमध्ये चार वेगळे ब्लॉक आणि चारच जागा, म्हणजे कोणाला बाहेर काढावंच लागत नाही: चार मिस, तीन हिट. टू-वेमध्ये दोन सेट. ५, ९, १३ सेट १ मध्ये आणि ६ सेट ० मध्ये. एलआरयू धरून सेट १ ची नोंद अशी ठेवायची, डावीकडे सगळ्यात आधी वापरलेला:

```
मागणी   निकाल   सेट 1 (LRU)
5       मिस     5
9       मिस     5 9
5       हिट     9 5
13      मिस     5 13
9       मिस     13 9
6       मिस     13 9    (6 सेट 0 मध्ये)
5       मिस     9 5
```

तिसरी ओळ बघ. हिट झाला, कॅशमध्ये काहीही नवीन आलं नाही, तरी क्रम उलटला. हिटच्या वेळी काही बदललं नाही असं समजून ओळ जशीच्या तशी उतरवली की पुढची सगळी गणना बिघडते, आणि नेमकं तेच घडतं. गंमत म्हणजे तशी उतरवली तर ते एलआरयू न राहता फिफो होतं. फिफोने हेच सोडवलं तर १३ आल्यावर ५ बाहेर जातो, पुढचा ९ हिट होतो, आणि एकूण दोन हिट येतात, एलआरयूला एकच. 'एलआरयू चांगलं, म्हणून त्याचे हिट जास्त येणारच' असा ताळा कधी करू नकोस, छोट्या क्रमात असं उलटंही होतं. खात्रीचा ताळा एकच: कॅश रिकामी असताना मिसची संख्या वेगवेगळ्या ब्लॉकच्या संख्येपेक्षा कमी येऊ शकत नाही. इथे वेगळे ब्लॉक चार, म्हणून तीन मिस आले तर नोंद चुकली. प्रश्नात ब्लॉक नंबरांऐवजी पत्ते दिले असतील तर आधी प्रत्येकाला ब्लॉकच्या आकाराने भागून ब्लॉक नंबरांची नवी ओळ लिही आणि मूळ पत्त्यांकडे पुन्हा बघू नकोस.

रूपांतर तुला जमतं म्हणतेस, तरी अपूर्णांकाचा भाग एकदा बघून घे. `101101.10011` ऑक्टलमध्ये ने. बिंदूच्या डावीकडे गट उजवीकडून डावीकडे पाडतो, पण बिंदूनंतर डावीकडून उजवीकडे, आणि कमी पडलेले शून्य शेवटी, उजव्या टोकाला जोडायचे. `100` आणि `110`, म्हणून `55.46`. शून्य पुढे जोडून `011` केलं तर `55.43` येतं, आणि ती या प्रकारातली हमखास चूक. ताळा सोपा: बायनरी अपूर्णांकाची किंमत अर्धा अधिक एक षोडशांश अधिक एक बत्तिसांश, म्हणजे ०.५९३७५. ऑक्टलचा `.46` म्हणजे ४ भागिले ८ अधिक ६ भागिले ६४, तेही ०.५९३७५. बरोबर.

बायनरी बेरजेत एकच गोष्ट लाव: हातचा बाहेर जाणं आणि ओव्हरफ्लो होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८ बिट, टूज कॉम्प्लिमेंट:

```
  11010011   (-45)         11010011   (-45)
+ 01100100   (+100)      + 10100110   (-90)
----------               ----------
1 00110111   (+55)       1 01111001   (+121)
```

दोन्हीकडे हातचा बाहेर पडला. डावीकडचं उत्तर बरोबर, तो हातचा सोडून द्यायचा. उजवीकडे ओव्हरफ्लो, कारण दोन ऋण संख्यांची बेरीज धन आली. -१३५ हे ८ बिटमध्ये मावतच नाही, तिथली मर्यादा -१२८. चिन्हं वेगवेगळी असतील तर ओव्हरफ्लो होऊच शकत नाही, त्यामुळे तिथे तपासत बसायची गरज नाही. ओव्हरफ्लोच्या उत्तराचाही ताळा होतो: -१३५ मध्ये २५६ मिळव, १२१ आले पाहिजेत. तेही नाही आले तर बेरीजच चुकली आहे, ओव्हरफ्लो नंतरची गोष्ट.

झेरॉक्सच्या संचाचं एक सांगतो. झेरॉक्सची झेरॉक्स होत जाते तशी वरची-खालची बारीक अक्षरं आधी मरतात, किंवा कोणी टाईप करताना ती एका ओळीत येतात. 'मेमरीत 216 वर्ड' दिसलं तर ते बहुधा २ चा १६ वा घात असतं. आणि `7258` चं बायनरी करा, असं दिसलं तर ते बहुधा ऑक्टल `725`, खालचा ८ ओळीत चढलेला. ऑक्टलच्या धड्यात अंक ८ दिसला की शंका घ्यायचीच, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंक नसतो. (`725` चे दशमान ४६९, हेक्स `1D5`, करून बघ.) २ चे घात १ पासून २० पर्यंत तोंडपाठ असले की असे आकडे नजरेलाच खटकतात, एसटीत खिडकीशी बसून एवढं पाठ होतं, वही काढायची गरज नाही.

राहिला संचामागच्या उत्तरांचा प्रश्न. तुझ्या दोन्ही वाटा जुळल्या आणि तरी संच वेगळं सांगतो, तर या क्रमाने बघ: आकड्याचा पाया वेगळा आहे का, पत्ता वर्डचा धरलाय का, व्हॅलिड बिट मोजलाय का, हिट-मिस असेल तर फिफो धरलंय का. यातल्या एखाद्या गृहीतकाने संचाचं उत्तर जसंच्या तसं येत असेल तर ते गृहीतक उत्तराशेजारी लिहून ठेव. पेपरात तसा प्रश्न आला की तू काय धरलंस ते पहिल्याच ओळीत सांगशील. यातल्या कशानेच येत नसेल तर संचातलं उत्तर खोड आणि तिथे तुझं लिही. तोच संच पुढच्या वर्षी कोणीतरी तुझ्याकडून झेरॉक्स करून नेणार आहे.